कागदाचा मध्य आणि वेलीचा मध्य

आमच्या घरातले देव जन्मभर फळीवर बसले. सुताराच्या घरचे देव, आणि फळीवर. आमच्या आजूबाजूच्या सात-आठ गावांत माझ्या हातचे देव्हारे आहेत, रत्नागिरी शहरातही आहेत, काही मुंबईला गेले. घरी येणारा प्रत्येक जण फळीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मी म्हणायचो, "करायचाय तेव्हा करीन." पुढे कोणी विचारेनासं झालं. आमच्या हिने तर त्याही आधी सोडलं होतं.

हे लिहायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी मी तो देव्हारा केला. त्यात माझ्यापेक्षा एका झेरॉक्सवाल्या बाईचा आणि तिच्या कॉम्प्युटरचा हात जास्त, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

आधी आमची कामाची रीत सांगतो. नक्षी कोरायची तर ती लाकडावर उतरवावी लागते. काही सुतार थेट लाकडावर पेन्सिलीने काढतात. मला कोरता येतं, काढता येत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हिने ते हेरलं. मी एका फळीवर कमळ काढत होतो, ती मागून म्हणाली, "ही भाकरी हाय काय?" मी पेन्सिल तिच्याकडे फेकली. तिने काढलं. त्या दिवसापासून काढायचं काम तिचं झालं.

मी गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून फळीच्या मापाचा कागद कापून द्यायचो. ती जमिनीवर बसून, एक पाय पोटाशी घेऊन त्यावर वेल काढायची. मी फळीला खळ लावून तो कागद तसाच चिकटवायचो, कडेला कड, आणि कागदावरूनच पटाशी चालवायचो. कागदासकट लाकूड उडायचं. शेवटी उरलेला कागद ओल्या फडक्याने पुसून काढायचा. म्हणजे तिने काढलेलं प्रत्येक चित्र मी माझ्या हाताने कातरून टाकलं. इतकी वर्षं. त्यात काही वाटण्यासारखं आहे, हेसुद्धा तेव्हा कळलं नाही. कागद संपला की नवा कागद, आणि ती होतीच काढायला.

घरच्या देव्हाऱ्यासाठी तिने एकदाच चित्र काढलं. वीसेक वर्षं होऊन गेली असतील. मी चिपळूणला एका घराच्या कामाला पंधरा दिवस गेलो होतो. देव्हाऱ्याच्या पाठीसाठी फणसाची फळी मी रंधून ठेवली होती. आठ इंच रुंद, अकरा उंच. तिला चारी बाजूंनी चौकट बसणार, चौकट अर्धा-अर्धा इंच झाकणार, मधे दिसणार सात बाय दहा. चौकटही तयार होती. हिने मी यायची वाट बघितली नाही. मुलाच्या वह्यांना घालायचा खाकी कागद स्वतःच कात्रीने कापला आणि त्यावर काजू काढला. कमळ नाही, मोर नाही, काजू. वेलीसारखा मधून देठ वर गेलेला, दोन्ही अंगांना पानं, पानांआड बोंडं आणि बोंडांखाली लोंबणाऱ्या बिया.

मी घरी आलो, हात-पाय धुतले आणि कागद फळीवर ठेवला. कडेला कड. वर चौकट ठेवली. डावीकडचं बोंड चौकटीखाली गेलं आणि उजवीकडे रिकामी पट्टी दिसायला लागली.

"मध्य चुकलाय," मी म्हटलं. "दोन सूत."

सूत म्हणजे आमच्याकडे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. नक्षीत पाव इंच म्हणजे सगळंच गेलं.

तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी वर आणखी म्हटलं, "कागद कापायचं काम माझं. तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण?"

"बरं," ती म्हणाली आणि कागद उचलून आत गेली.

मला वाटलं चुलीत घातला. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्यानंतरही ती माझ्यासाठी काढत राहिली, लोकांच्या देव्हाऱ्यांची कमळं, वेली, सगळं. घरच्या देव्हाऱ्याचं नाव मात्र तिने परत काढलं नाही, आणि मी तर काढणारच नव्हतो.

ती जाऊन आता तीन वर्षं झाली.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी घर झाडायला घेतलं तेव्हा देवांची फळी उतरवली. फळीवर तिने अंथरलेलं लाल कापड होतं. ते काढलं तर खाली तो खाकी कागद. सपाट, चारी कोपरे नीट बसवलेले. इतकी वर्षं आमचे देव तिच्या काजूवर बसले होते. समईचं तेल झिरपून कागदाला डाग पडले होते, कडा ठिसूळ झाल्या होत्या. मी तिथेच पाटावर बसलो. मुलगा म्हणाला, "बाबा, चक्कर आली काय?" तो लोट्याला कंपनीत आहे, सुट्टी काढून आला होता. मी म्हटलं, "नाय. फळी जड हाय."

तेव्हाच ठरवलं. देव्हारा करायचा, हाच काजू कोरायचा. फणसाची फळी माळ्यावर होती, चौकट होती. हात थोडे कापतात, पण पटाशी धरली की थांबतात. फक्त कागद चिकटवायचा नव्हता. तिच्या हातचा उरलेला हा एकच कागद. त्याचीच हुबेहूब दुसरी प्रत पाहिजे. त्याच मापाची, रेघेला रेघ.

मुलगा म्हणाला, "त्यात काय, फोटो काढून पाठवतो. कोर्टाजवळ एक बाई प्रिंट काढून देते, तुम्ही नुसते जाऊन घेऊन या." त्याने खाटेवर कागद ठेवून मोबाइलवर फोटो काढला.

मी एसटीने रत्नागिरीला गेलो. दुकान एवढंएवढंसं. पन्नाशीची बाई, डोळ्याला चष्मा, समोर दाखले आणि फॉर्मवाल्यांची गर्दी. तिने प्रिंट हातात दिली. मी खिशातली घडीची पट्टी काढली आणि तिथेच काउंटरवर माप घेतलं.

"खाली सहा इंच एक सूत. वर पुरते सहासुद्धा नाय. गो बाय, माझी वेल आटली कशी?"

मागचे लोक हसले. बाईने पट्टीकडे बघितलं. "आजोबा, फोटोला इंच कळत नाय. फोटोत नुसते ठिपके असतात. एका इंचात किती ठिपके बसवायचे ते आपण सांगायचं. इथे कोणी सांगितलंच नाय, म्हणून पानात बसेल तसं बसलं. त्यात तुमच्या मुलाने खाटपण काढलीय, आणि मोबाइल तिरका धरलाय."

"आणि रेघा तुटल्यात."

"तुटणारच. मोबाइलवरून पाठवताना निम्मे ठिपके वाटेत गळतात. खरा कागद घेऊन या. मशीनवर सपाट ठेवून स्कॅन करू."

मी म्हटलं, "त्या कागदाला काय झालं तर?"

"काचेवर ठेवायचा नि झाकण लावायचं. तुमच्या पटाशीपेक्षा बरं," ती म्हणाली. पटाशीचं तिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "तुमच्या कानावर पेन्सिल हाय."

दोन दिवसांनी मी कागद प्लायवुडच्या दोन तुकड्यांमध्ये घालून, सुतळीने बांधून नेला. एसटीत कंडक्टरने विचारलं, "आजोबा, आरसा हाय काय?" मी म्हटलं, "हां." आरशाला तरी लोक धक्का देत नाहीत.

बाईने कागद काचेवर ठेवला. पहिला स्कॅन नुसता काळा-पांढरा केला तर तेलाचे डाग काळ्याकुट्ट ढेकळांसारखे आले, निम्मी पानं त्यात गेली. ती म्हणाली, "करड्या रंगात घेऊ, म्हणजे फिकं ते फिकं राहील." परत घेतला, इंचाला तीनशे ठिपके. पडद्यावर तेलाच्या डागांतून हिच्या पेन्सिलीच्या रेघा वर आल्या. पानांच्या शिरासुद्धा. शिरा काढायला ती परसातल्या काजूचं पान तोडून आणायची आणि उन्हात धरून मोजायची.

मग बाई म्हणाली, "वेल सात बाय दहा हाय ना? म्हणजे आडवे एकवीसशे ठिपके, उभे तीन हजार." मी मनात गुणाकार केला. बरोबर होता. त्या बाईबद्दल मला तिथे पहिल्यांदा बरं वाटलं.

तिने वेलीच्या चारी बाहेरच्या टोकांना धरून चित्र कापून घेतलं, म्हणजे पडद्यावर, आणि एका कोऱ्या पानाच्या बरोबर मधे ठेवलं. पान ए-फोर, बाजूला सोळा-सोळा मिलिमीटर कोरं, वर-खाली साडेएकवीस. "कागदाच्या अगदी कडेपर्यंत मशीन छापत नाय," ती म्हणाली, "म्हणून चारी बाजूंना मोकळं ठेवावंच लागतं. आता याची पीडीएफ केली की माप हलणार नाय."

मी पडद्याजवळ गेलो. "तू वेल सरकवलीस."

"मधे घेतली."

"कोणी सांगितली मधे घ्यायला? तिच्या कागदावर डावीकडे पाव इंच हाय, उजवीकडे पाऊण. होतं तसं छाप."

"आजोबा, तुम्हाला कागद छापायचाय की वेल?"

"तिने जसं काढलं तसं छापायचं. मध्य चुकलाय तर चुकलेलाच पाहिजे. तिचं हाय ते."

मागून एक जण म्हणाला, "बाई, माझा दाखला आधी करा, यांचा मध्य सापडेपर्यंत साहेब उठेल." बाईने त्याला हाताने थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकलाय कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

तिने स्कॅनचं मूळ चित्र मोठं केलं. खूप मोठं, एक पान पडदाभर होईल इतकं. मग हळूहळू वरून खाली आणलं. मधल्या देठातून एक रेघ जात होती. नखाने ओढावी इतकी फिकी. देठ संपला तरी ती वर जात होती, कागदाच्या टोकापर्यंत, आणि खाली तशीच.

"ही मधली रेघ. आधी ही मारलीय, मग दोन्हीकडे काढलंय," बाई म्हणाली. "आता बघा." तिने त्या रेघेपासून दोन्हीकडचं अंतर मोजून दाखवलं. डावं टोक साडेतीन इंच, उजवं टोक साडेतीन. "काढणारीचा मध्य बरोबर हाय. कागद एका बाजूला जास्त कापलाय, एवढंच. तुम्ही कागदाचा मध्य धरलात."

मी वाकून ती रेघ वरपासून खालपर्यंत बघितली.

आठवून बघितलं. कागद नेहमी मी कापायचो, फळीच्या मापाचा, म्हणून कागदाची कड आणि फळीची कड एकच. त्या एका वेळी कागद हिने कापला आणि मी हाताच्या सवयीने कडेला कड लावली. फळी आठ इंच, कागद आठ इंच. कागद दोन सूत सरकवून, एका बाजूला फळीबाहेर लोंबू देऊन चिकटवता आला असता. माझ्या डोक्यात आलंच नाही की असं करता येतं. तिच्या डोक्यात असणार. ती रेघ मारून बसली होती. बोट ठेवून "ही बघा" म्हणायचं होतं फक्त. आणि मी तिला म्हणू दिलं असतं काय? नसतं दिलं.

बाईने ती रेघ वेलीच्या वर-खालीही थोडी राहील असं करून प्रिंट काढली. मी सवयीने पट्टी लावली. दीड सूत कमी.

"परत आटली!"

बाईने कपाळावर हात मारला. "माझी चूक. पीडीएफ बरोबर हाय. छापताना या मशीनला सवय हाय, आलेलं पान आपल्या मोकळ्या जागेत दाबून बसवायची." तिने पडद्यावर कुठे तरी जाऊन "फिट" काढलं आणि शंभर टक्के केलं. "इथे रोज लोकांना फाइल लहान पाहिजे असते, एवढ्या केबीत बसवा, तेवढ्या केबीत बसवा. माप जसंच्या तसं मागणारे तुम्ही पहिले."

पुढची प्रिंट आली. रुंदी सात. उंची दहा. पट्टी उलटी करून परत मोजली. सात, दहा.

"शाई पसरेल काय? खळ लावायचीय."

"पावडरच्या मशीनवर काढलीय. पसरणार नाय. पण जास्त ओलं करू नका, कागद फुगेल."

"ते मला शिकवू नको," मी म्हटलं. ती हसली. मीही थोडा हसलो असेन.

बाहेर येऊन कोर्टाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आटलेली प्रिंट मी टाकू दिली नव्हती, मागून घेतली होती. ती मधल्या रेघेवर दुमडली आणि सूर्याकडे धरली. पानावर पान बसलं. बोंडावर बोंड. एका शिरेचाही फरक नाही. हाताने काढलेलं, जमिनीवर बसून, एक पाय पोटाशी घेऊन. मी बराच वेळ तशीच धरून उभा होतो. एक पोरगी विचारून गेली, "आजोबा, बरं नाय काय?"

एसटीत बसल्यावर वाटलं, घरी जाऊन हिला सांगावं. ही सवय अजून जात नाही. तीन वर्षं झाली तरी स्टँडवर उतरलं की मी मनात वाक्य जुळवत घरी जातो, आज कोण भेटलं, कोण काय म्हणालं. दारात आल्यावर कळतं की वाक्य ऐकून घ्यायला कोणी नाही. त्या दिवशीचं वाक्य तर जन्मात कधी न बोललेलं होतं. चुकलं माझं. दोनच शब्द, पण ते ऐकायला तीच पाहिजे होती. दुसऱ्या कोणाला सांगून काय उपयोग?

घरी आल्यावर तिचा कागद परत प्लायवुडमध्ये घालून ठेवला. माळ्यावरून फळी काढली. इतकी वर्षं मुरलेला फणस, हळदीसारखा पिवळा होता तो आता गुळासारखा झाला होता. फळीचा मध्य काढून वरपासून खालपर्यंत रेघ मारली. प्रिंटचं सगळं कोरं वेलीपर्यंत कापलं, फक्त वर आणि खाली मधल्या रेघेपुरत्या दोन शेंड्या ठेवल्या. खळ फळीला लावली, अगदी पातळ, कागदाला नाही. मग तिची रेघ माझ्या रेघेवर ठेवून कागद मधून कडेकडे दाबत गेलो. कडेकडे बघितलंच नाही. वाळल्यावर पट्टी लावली. सात. वर चौकट ठेवून बघितली. डावं बोंड चौकटीला टेकलं, उजवं बोंड टेकलं.

कोरायला सव्वा महिना लागला. पूर्वी आठ दिवसांचं काम. सकाळी ऊन पडवीत यायचं तेवढा वेळ कोरायचं, नंतर दिसत नाही. पटाशीखाली कागद उडायचा, काळ्या रेघांचे बारीक तुकडे मांडीवर पडायचे. पूर्वी झाडून टाकायचो. आता माहीत होतं की आत प्लायवुडमध्ये खरा कागद आहे, तरी तुकडे झाडताना हात अडखळायचा.

एका पानापाशी दोन रेघा होत्या. तिने एक काढून, खोडून, दुसरी काढलेली. खोडलेलीही छापली गेली होती, इंचाला तीनशे ठिपक्यांत सगळंच आलं होतं. पूर्वी असं असलं की मी ओरडून विचारायचो, "अगो, यातली कुठची?" आणि ती स्वयंपाकघरातून न बघता सांगायची, "बाहेरची!" मी पटाशी हातात धरून थांबलो. खोडलेली रेघ आतल्या बाजूला होती. बाहेरची घेतली.

कोरून झालं, ओल्या फडक्याने कागद पुसला, पॉलिश केलं. ती असती तर बोट फिरवून कुठे खोल गेलंय ते सांगितलं असतं, कारण तिला नेहमी एक जागा सापडायची. मीच बोट फिरवलं. खालच्या उजव्या पानाची एक शीर खोल गेली होती. तशीच राहिली.

मुलगा सुट्टीवर आला. बराच वेळ बघून म्हणाला, "बाबा, आईच्या हातचं वाटतं."

"तिच्याच हातचं हाय," मी म्हटलं. "मी नुसतं लाकूड काढलं."

देव्हाऱ्याचं बाकीचं मी तोवर जोडून ठेवलं होतं. पाठ बसवायच्या आधी मागच्या बाजूला माप लिहायची आमची रीत आहे, म्हणजे पुढे कोणाला उतरवावी लागली तर परत मोजायला नको. मला लिहायचं म्हणजे जिवावर येतं, चौथीपर्यंतच गेलो. पण पेन्सिल घेतली आणि लिहिलं, आठ बाय अकरा, आत सात बाय दहा. मग खाली जागा होती तिथे लिहिलं, मध्य बरोबर होता. माझं चुकलं. मुलाने वाचलं नाही, तो समई पुसत होता. मी फळी खाचेत सरकवली आणि वरून पट्टी ठोकली.